बाहेरून नोकरीचा कागद आला आहे, आता पगारवाढ कशी मागायची? जिनिंगमधल्या फिटर-ऑपरेटरांसाठी

वणी, पांढरकवडा, हिंगणघाट या पट्ट्यातल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये चांगला फिटर टिकवणं मालकाला सोपं राहिलेलं नाही. बुटीबोरीचे कारखाने मेकॅनिक घेतात, पंधरा-वीस किलोमीटरवरची दुसरी जिनिंगही माणूस ओढते. त्यामुळे तीन-चार वर्षं एका जागी काढलेल्या माणसाकडे कधी ना कधी बाहेरचा कागद येतोच. तो घेऊन शेटजीसमोर गेलं की दोनपैकी एक होतं: पगार वाढतो, नाहीतर 'जायचं तर जा' ऐकावं लागतं. फरक बहुतेक वेळा मागणीच्या आकड्यात नसतो, ती कशी आणि कधी मांडली त्यात असतो.

गावात खेडा खरेदीचा व्यापारी आला की शेतकरी त्याला सांगतो, 'हिंगणघाटले काल एवढा भाव होता.' गाडी भरून निघालो असं तो म्हणत नाही. भाव कानावर घालतो आणि थांबतो. बाहेरच्या ऑफरचा उपयोग एवढाच आणि असाच करायचा. या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे: वणी भागातल्या जिनिंगमधला फिटर, बाराही महिने कामावर, चार वर्षं पूर्ण, महिन्याचा एकूण पगार १८,००० रुपये. त्याला बुटीबोरीच्या कारखान्याने 'महिना २६ हजार' देऊ केले आहेत.

आधी कागद तपासा

फोनवर 'या, बघून घेऊ' म्हणणं ही ऑफर नाही. कंपनीच्या लेटरहेडवर तुमचं नाव, पद, पगाराची फोड, रुजू होण्याची तारीख आणि उत्तर देण्याची मुदत, एवढं असेल तरच तो कागद मोजायचा. नोकरीच्या नावाखाली डिपॉझिट, गणवेशाचे पैसे किंवा 'प्रोसेसिंग फी' मागितली, तर ती फसवणूक समजा आणि विषय तिथेच संपवा. नेमणूक कंपनीच्या हजेरीपटावर आहे की ठेकेदाराच्या, हेही विचारा. ठेकेदाराचा कागद खोटा असतो असं नाही, पण ठेका बदलला की तुमची जागाही हलू शकते, म्हणून त्याचं वजन कमी धरावं.

त्या कागदावर स्वीकृतीची सही अजून करू नका. सही करून मग इकडे पगार वाढला म्हणून नकार दिला, तर तिकडचा दरवाजा कायमचा बंद होतो. पलीकडच्या एचआरला सरळ सांगा की घरी बोलून आठ-दहा दिवसांत कळवतो. बहुतेक ठिकाणी तेवढा वेळ मिळतो. हा वेळ आधीच मागून ठेवणं फार महत्त्वाचं आहे. तुमच्या हातात दोनच दिवस उरले असतील, तर तुम्ही कितीही गोड बोललात तरी मालकाच्या कानाला ती धमकीच वाटणार.

२६ हजार म्हणजे हातात किती?

मोठ्या कारखान्याचा आकडा 'सीटीसी' असतो, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च. आपल्या उदाहरणातल्या २६,००० मध्ये कंपनीने भरायचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटीची तरतूद ७२०, मेडिक्लेमचा हप्ता ४८० आणि वर्षाअखेर कामगिरी पाहून मिळणारे १२,००० (महिन्याचे १,००० धरून) हे सगळं आत आहे. एकूण चार हजार झाले. ते वजा केल्यावर महिन्याचा खरा पगार २२,००० उरतो. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला जातो, म्हणजे हातात २०,०००.

आता चालू नोकरी बघा. १८,००० मध्ये बेसिक १३,००० आहे. त्याच्या १२ टक्के पीएफ १,५६०, ईएसआयचे पाऊण टक्का म्हणजे १३५, आणि व्यवसाय कर २००. हातात १६,१०५ येतात.

कागदावर फरक आठ हजारांचा होता, हातात तो चार हजारांच्याही आत आला. शिवाय वणीहून बुटीबोरीला रोज जाणं-येणं होण्यासारखं नाही. भागीदारीत खोलीचे ३,०००, मेसचे ३,५००, आठवड्याला घरी येण्या-जाण्याचे महिन्याला १,५०० धरा. २०,००० मधून ८,००० गेले, उरले १२,०००. इथे पेट्रोलचे १,२०० आणि घरच्या जेवणाचे तुमच्या वाट्याचे १,५०० वजा केले तरी १३,४०० उरतात. खोली आणि मेसचे आकडे तुमच्या ठिकाणचे टाका, पण हिशोब याच पद्धतीने करा.

ग्रॅच्युइटी राहिलीच. नियमित कामगाराला सलग पाच वर्षं झाल्यावर ती मिळते. शेवटच्या बेसिकला १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं, आणि जितकी वर्षं झाली तितक्याने गुणायचं. १३,००० बेसिकवर पाच वर्षांचे ३७,५०० होतात. चार वर्षं झालेला माणूस आज उठून गेला तर ही रक्कम सोडून जातो. (फक्त सीझनपुरतं काम करणाऱ्यांचा हिशोब वेगळा आहे. त्यांना प्रत्येक सीझनमागे सात दिवसांच्या पगाराप्रमाणे धरतात. आपला फिटर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यातही ओव्हरहॉलिंगला असतो, म्हणून त्याला पंधरा दिवसांचा हिशोब लागू होतो.)

म्हणजे या माणसाला बुटीबोरी परवडत नाही. हे त्याला चर्चेला बसण्याआधी कळलं, हीच या सगळ्या बेरीज-वजाबाकीची कमाई. जी नोकरी आपण घेणारच नाही, तिच्या जोरावर 'नाहीतर जातो' म्हणणं म्हणजे रिकामी बंदूक रोखणं. मालक 'जा' म्हणाला की एकतर तोट्यात जावं लागतं, नाहीतर मान खाली घालून परत यावं लागतं. पण ऑफर निरुपयोगी मात्र नाही. तुमच्या हाताच्या कामाला बाहेर महिना २२,००० देणारं गिऱ्हाईक आहे, हे ती लेखी सांगते. ही माहिती खरी आहे आणि मालकाच्या कामाची आहे. ती तशीच द्यायची.

किती मागायचं

२६,००० कधीच मागू नका. मालक आपला खर्च आणि तुमचा पगार यांतला फरक ओळखतो, आणि सीटीसीचा आकडा पगार म्हणून सांगितला की तुम्ही अडाणी तरी ठरता नाहीतर लबाड तरी. तुलना पगाराशी पगाराची: १८,००० विरुद्ध २२,०००.

या उदाहरणात योग्य मागणी २१,००० ची आहे, आणि त्याला कारण आहे. ईएसआय २१,००० पर्यंतच्या पगाराला लागू असते. ही मर्यादा ओलांडली की पुढचा कालावधी सुरू होताना (एप्रिल किंवा ऑक्टोबर) तुम्ही योजनेतून बाहेर पडता, आणि घरच्यांच्या दवाखान्याचा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो. २१,५०० घेऊन ईएसआय गमावण्यापेक्षा बरोबर २१,००० पुष्कळदा जास्त पदरात पाडतात. घरात म्हातारे आई-वडील किंवा लहान लेकरं असतील तर हे आधी बघा.

वाढलेल्या ३,००० पैकी २,००० बेसिकमध्ये आणि १,००० भत्त्यात मागा. बेसिक १५,००० झालं की पीएफ १,८०० होतो, ईएसआय सुमारे १५८, व्यवसाय कर २००. हातात १८,८४२ येतात, म्हणजे आजच्यापेक्षा २,७३७ जास्त. बेसिक वाढल्याने ग्रॅच्युइटीही वाढते. मालकाला यासाठी ३,००० शिवाय पीएफ-ईएसआयचे साडेतीनशेच्या आसपास जादा भरावे लागतील, हेही माहीत असू द्या. मुनीमजी हे गणित मांडणारच आहेत.

याखाली दोन गोष्टी मनात ठरवून जा. एक, कितीवर समाधानाने 'हो' म्हणायचं. इथे १९,५०० ते २०,००० ठीक आहे. दुसरं, काहीच मिळालं नाही तर काय करायचं. आपल्या फिटरचं उत्तर 'राहायचं, आणि जवळची दुसरी जागा शोधत राहायचं' असं आहे. हे ठरलेलं असलं की समोर नकार आला तरी आवाज चढत नाही.

कधी बोलायचं

जानेवारीत, यार्डात कापसाच्या गाड्या उभ्या असताना आणि दोन जिन बंद पडलेले असताना, तुमचं वजन सर्वांत जास्त असतं. म्हणूनच तेव्हा बोलू नये. त्या घडीला मालक वाढ देईलही, पण त्याला ते गळ्यावर पाय ठेवल्यासारखं वाटेल. सीझन एप्रिलच्या आसपास उतरतो, मशीन थंड होतात, आणि तेव्हा कोणाला कमी करायचं याचा हिशोब होतो. जानेवारीतली वाढ मे महिन्यात वसूल होते, हे जिनिंगच्या धंद्यात नवीन नाही.

चांगला काळ ऑगस्ट-सप्टेंबरचा. ओव्हरहॉलिंग चालू असतं, रोलर उतरलेले असतात, चाकू धारेला लागलेले असतात, आणि येत्या सीझनला किती माणसं, काय पगारावर, हे मालकाच्या डोक्यात चाललेलं असतं. पोळ्यानंतर आणि दसऱ्याआधी एखादा संथ दिवस पकडा. काटा पूजनाचा दिवस आणि दिवाळीचा बोनस वाटायचा दिवस टाळा. त्या दिवशी पगाराची गोष्ट काढली की अपशकुन झाल्यासारखे चेहरे होतात. बाहेरचा कागद नेमका सीझनमध्येच आला, तर आधी पलीकडच्यांकडे रुजू होण्याची तारीख पुढे मागून बघा. मिळाली नाही तर गाड्यांची गर्दी कमी असलेला दिवस निवडा आणि 'सीझन मधातच टाकून जाणार नाही' हे पहिल्याच वाक्यात सांगा.

कोणाशी आणि काय

मॅनेजर असेल तर आधी त्यांना. त्यांना डावलून थेट शेटजीकडे गेलात, तर शेटजी मॅनेजरलाच विचारणार आणि तोवर मॅनेजर दुखावलेले असणार. घरचा धंदा असेल तर पगाराचा निर्णय आता कोण घेतं हे बघा. बहुतेक ठिकाणी गादीवर मोठे शेटजी बसतात, पण आकडा मुलगा ठरवतो. जिनच्या प्लॅटफॉर्मवर, हमालांसमोर किंवा टपरीवर हा विषय काढूच नका. तुम्ही बोलण्याआधी बातमी पोहोचली, तर ती हमखास 'तो चालला' अशीच पोहोचते.

जाताना दोन गोष्टी न्या. बाहेरचा कागद घडी करून खिशात ठेवायचा, आणि एका वहीच्या पानावर गेल्या सीझनचं काम लिहून न्यायचं. हे पान कागदापेक्षा जास्त उपयोगी पडतं. त्यावर 'मेहनत केली' असं लिहू नका. जे मोजता येतं ते लिहा: किती रोलरचं ग्रूव्हिंग इथेच केलं आणि बाहेर पाठवायचा खर्च वाचला, प्रेसचा कोणता बिघाड बाहेरचा मेकॅनिक न बोलावता काढला, रात्रपाळीत किती वेळा बोलावणं आलं. रोलरची खाच झिजली की त्या जिनची रुई कमी निघते, आणि चाकूचं सेटिंग चुकलं की सरकी फुटून रुईत जाते. हे मालकालाही ठाऊक असतं. तुम्ही ते किती जिनवर सांभाळलं एवढंच दाखवायचं.

बोलणं साधारण असं असावं:

'शेटजी, दहा मिनिटं पाहिजे होते. बुटीबोरीच्या एका कारखान्यातून मले कागद आला आहे. मी अजून होकार देल्ला नाही. मले इथंच राहाचं आहे, घर इथं आहे अन् मशीन माह्या हाताची आहे. पण तिथं पगार बावीस हजार लिहिला आहे, अन् इथं मी अठरावर आहो. हे गेल्या सीझनचं काम लिहून आणलं आहे. एकवीस झाले तर माह्या मनातला विषय संपला. तुम्ही पाहून सांगा.'

आणि गप्प बसा. बहुतेक जण इथेच चुकतात. शांतता सहन होत नाही म्हणून पुढे बोलत जातात, आणि स्वतःच आकडा खाली आणतात किंवा 'नाहीतर मग...' तोंडातून निघून जातं. 'नाहीतर', 'शेवटचं सांगा', 'उद्यापर्यंत' हे तीन शब्द घरीच ठेवून या. लेकीचं लग्न, कर्जाचा हप्ता, हेही नको. त्यावर शेटजी उचल देतील, पगार वाढवणार नाहीत.

कागद टेबलावर आपटायचा नाही. विचारलं तर दाखवायचा, हातात द्यायचा, वाचू द्यायचा आणि परत घ्यायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवू नका, तो कुठे कुठे फिरेल सांगता येत नाही. आकडा एका रुपयानेही फुगवून सांगू नका. या धंद्यात माणसं एकमेकांना ओळखतात, आणि एका फोनवर खरं कळतं. मुदत विचारली तर कागदावरची तारीख सांगा, स्वतःची नवी तारीख देऊ नका.

उत्तर काय येतं आणि त्यावर काय करायचं

सगळ्यात जास्त येणारं उत्तर 'बघू' आहे. ते नकार समजू नका आणि होकारही समजू नका. 'बरं शेटजी. मी कोणत्या दिवशी विचारू?' एवढंच म्हणा. तारीख त्यांच्या तोंडून आली की ती त्यांची झाली. त्या दिवशी एकदा आठवण द्या. मधले दिवस काम नेहमीसारखंच ठेवा. हात आखडता घेतला तर तो लगेच दिसतो.

'सीझन निघू दे, मग पाहू' असं आलं तर विचारा की किती आणि कोणत्या महिन्याच्या पगारापासून. तोंडी आश्वासन मिळालं तर त्याच संध्याकाळी मॅनेजरला एक साधा मेसेज टाका: 'साहेब, आज शेटजींसोबत बोलणं झाल्याप्रमाणे एप्रिलपासून २०,००० ठरलं. धन्यवाद.' कोणी नाकारलं नाही तर ती नोंद झाली. अर्धीच वाढ देऊ केली, समजा १९,०००, तर पगाराच्या आकड्याशिवायचं काही मागता येतं: रात्री बोलावल्यास ओव्हरटाइम कायद्याप्रमाणे दुप्पट दराने, बेसिकमध्ये वाढ, सीझनमध्ये महिन्याच्या दोन ठरलेल्या सुट्ट्या. पगारवाढ पगारपत्रकात दिसेपर्यंत ती झाली असं धरू नका. पाकिटातून वेगळे दिलेले हजार रुपये पीएफमध्ये जात नाहीत, ग्रॅच्युइटीत मोजले जात नाहीत, आणि मंदी आली की सगळ्यात आधी तेच बंद होतात.

'जा मग, कोणी अडवलं?' हेही येतं. बऱ्याचदा तो राग असतो, कारण मालकाला कोणीतरी दार दाखवतंय असं वाटलेलं असतं. त्यावर 'बरं, जातो' म्हणू नका आणि माफीही मागू नका. 'नाही शेटजी, जायचं बोलायला आलो नाही. बाहेरचा भाव तुम्हाले माहीत असावा म्हणून सांगितलं. काम चालूच आहे.' असं म्हणून उठा आणि ओव्हरहॉलिंगला लागा. दोन-चार दिवसांत मॅनेजर स्वतः विषय काढण्याची शक्यता बरीच असते. आठ-दहा दिवस काहीच झालं नाही तर उत्तर मिळालं असं समजा, आणि घरी ठरवलेल्या दुसऱ्या वाटेने जा.

पूर्ण मागणी मान्य झाली तर पुन्हा वर जाऊ नका. आकडा इतर कामगारांना सांगू नका. दुसरा फिटर 'मलेही' म्हणत गेला की मालकाला तुमची वाढ महागात पडल्यासारखी वाटते. अन् हा मार्ग दोन वर्षांतून एकदाच्या वर वापरता येत नाही. दर दसऱ्याला नवा कागद घेऊन येणाऱ्याला तिसऱ्या वेळी सरळ निरोप दिला जातो.

नवा पगार पत्रकात दिसला, किंवा लेखी मेसेजवर ठरला, की बुटीबोरीला त्याच दिवशी कळवा. मुदतीची वाट बघू नका, ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळू शकते. मेसेज इतका पुरे: 'मॅडम, ऑफरबद्दल आभारी आहे. घरच्या कारणाने सध्या गाव सोडणं जमत नाही, म्हणून रुजू होऊ शकत नाही. पुढे संधी असल्यास जरूर कळवा.' तिकडे पगारवाढीचा उल्लेख नको. तो नंबर मोबाइलमध्ये जपून ठेवा.